चित्रातल्या बिंदूंचे तीन खांब

विहिरींच्या पातळ्या मोजणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये आता तक्ते कमी आणि चित्रे जास्त फिरतात. मोबाइलवर एक स्क्रीनशॉट येतो. आडव्या अक्षावर पावसाळ्यातला पाऊस, उभ्या अक्षावर मे ते ऑक्टोबर या काळात पाणी किती वर आले ते, मधून एक तिरकी रेषा आणि कोपऱ्यात R² ची किंमत. खाली एकच प्रश्न असतो : संबंध पक्का आहे ना? पाणलोटाचे नियोजन या उत्तरावर उभे राहते, म्हणून या चित्राकडे कसे पाहावे याविषयी या वेळी सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण ती सर्रास निसटते. एक्सेल रेषेशेजारी R² छापते. सहसंबंध गुणांक r हा त्याचे वर्गमूळ. R² 0.64 असेल तर r 0.8 होतो. एकाने R² सांगायचा आणि दुसऱ्याने तो r समजून ऐकायचा, असे झाले की चांगला संबंधही कच्चा वाटू लागतो. रेषा उजवीकडे खाली उतरत असेल, तर r ऋण धरायचा. विहिरीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण कोणी पाण्याची खोली मांडतो, तर कोणी पाण्याची वाढ.

चित्रात R² छापलेलाच नसेल तर? नुसत्या नजरेवर विसंबू नये. क्लीव्हलँड, डायकॉनिस आणि मॅकगिल यांनी 1982 साली दाखवून दिले, की तेच बिंदू मोठ्या चौकटीत आक्रसून मांडले की पाहणाऱ्याला संबंध अधिक घट्ट वाटतो. अक्षांच्या मर्यादा बदलल्या एवढेच. आकडे तेच राहतात. ही फसगत टाळायला शातियाँ यांची 1984 मधली युक्ती हाताशी ठेवावी. बिंदूंच्या थव्याभोवती मनाने एक लंबगोल काढा. त्याची तळापासून माथ्यापर्यंतची पूर्ण उंची H मोजा. मग बरोबर मधोमध उभी रेघ धरून तिथली उभी जाडी h मोजा. h ला H ने भागा, वर्ग करा, तो 1 मधून वजा करा आणि वर्गमूळ घ्या :

r ≈ √(1 − (h/H)²)

पडद्यावर पट्टी लावून H 10 सेंटिमीटर आणि h 6 सेंटिमीटर भरली, तर r साधारण 0.8 येतो. चित्र कसेही ताणलेले असले तरी h आणि H दोन्ही सारख्याच प्रमाणात ताणल्या जातात, त्यामुळे भागाकार बदलत नाही. स्क्रीनशॉटवर चालणारे याहून सोपे साधन आम्हाला माहीत नाही. पण त्याला एक अट आहे : थवा खरोखर लंबगोल असला पाहिजे.

आपल्याकडे नेमकी हीच अट मोडते. मंचर-भीमाशंकर रस्त्यावरच्या शिनोलीचे उदाहरण घेऊ. आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस पडतो आणि पूर्वेला मंचरकडे जाताना तो झपाट्याने उतरतो. शिनोली या उताराच्या मधल्या पट्ट्यात येते. समजा, 25 विहिरींचा आलेख हाती आला. (यातले आकडे आम्ही केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) पूर्वेकडच्या 10 विहिरींवर 500 मिलिमीटर पाऊस, शिनोलीच्या पट्ट्यातल्या 11 विहिरींवर 800 आणि डोंगराकडच्या 4 विहिरींवर 2400. पूर्वेला पाण्याची सरासरी वाढ 3.5 मीटर, शिनोली पट्ट्यातल्या 10 विहिरींत 4.2 मीटर, पण अकरावीत एकदम 8.5, आणि डोंगराकडे 7.5 मीटर. कोपऱ्यात R² 0.54 छापलेला आहे, म्हणजे r 0.73.

हे चित्र पाहणाऱ्याची नजर आधी 8.5 च्या बिंदूवर जाते. तो काढून पाहिला तर r 0.84 होतो आणि सगळ्यांना समाधान वाटते. पण बिंदू काढण्यापूर्वी त्याला खडकाचा हिशोब लावा. दख्खनच्या बेसाल्टमधल्या मुरमाची पाणी सोडण्याची क्षमता साधारण 1 ते 3 टक्के असते. 2 टक्के धरले, तर 8.5 मीटर वाढीसाठी 170 मिलिमीटर पाणी मुरायला हवे. 800 मिलिमीटर पावसाचा तो पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे. शेजारच्या विहिरींत याच हिशोबाने जेमतेम दहावा हिस्सा मुरतो. म्हणजे हा बिंदू नुसत्या पावसाने तिथे पोचलेला नाही. मग मोजणीची वही उघडावी. 8.5 हा आकडा फुटांत तर नाही? 8.5 फूट म्हणजे 2.6 मीटर, आणि तसे असेल तर बिंदू शेजाऱ्यांत निमूट जाऊन बसतो. मे महिन्यातली नोंद पंप नुकताच बंद केल्यावर घेतली होती का? दोन मोजण्यांच्या मध्ये विहिरीचा कठडा पाडला का? की विहीर कालव्याच्या खालच्या अंगाला आहे आणि झिरपा तिला मिळतो? घोड नदीवरच्या डिंभे धरणाचे कालवे या तालुक्यातून जातात, त्यामुळे हा प्रश्न विचारावाच लागतो. पहिल्या तीन शक्यतांत आकडा सुधारायचा किंवा वगळायचा. चौथ्या शक्यतेत आकडा खरा असतो. ती विहीर वेगळ्या खुणेने आलेखात ठेवायची आणि तशी टीप लिहायची.

खरी गोम मात्र दुसरीकडेच आहे, आणि तिथे नजर जातच नाही. बिंदू थव्यात नाहीत, तीन उभ्या खांबांत उभे आहेत. कारण पाऊस विहिरीवर मोजलेला नसतो. तो जवळच्या पर्जन्यमापकावरून घेतलेला असतो आणि एका मापकाखालच्या सगळ्या विहिरींना तोच आकडा चिकटतो. विहिरी 25, पण पावसाचे आकडे तीनच. त्यातही डोंगराकडचा खांब इतका लांब आहे, की आडव्या अक्षावरच्या एकूण विखुरण्यातला (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या बेरजेतला) साधारण चार-पंचमांश भाग त्या 4 विहिरींचा आहे. तो रेषेच्या जवळपास बसतो म्हणून कोणालाही वेगळा वाटत नाही. पण रेषा तिथे जाते ती त्यानेच ओढून नेल्यामुळे. 8.5 ची विहीर बाजूला ठेवून त्या 4 विहिरींवर बोट ठेवले आणि उरलेल्या 20 मोजल्या, तर r 0.84 वरून 0.36 वर येतो. म्हणजे शिनोली ते मंचर या पट्ट्यात, जिथे आपल्याला बंधाऱ्यांचे निर्णय घ्यायचे आहेत, त्या पट्ट्याविषयी हे चित्र जवळपास काहीच सांगत नाही. डोंगर आणि सपाटी यांत फरक आहे एवढेच ते सांगते, आणि त्या फरकात पावसाबरोबर उतार, मातीची जाडी आणि उपसा हेही मिसळलेले असतात.

फ्रान्सिस ॲन्सकम यांनी 1973 मध्ये छापलेल्या चार प्रसिद्ध आलेखांपैकी चौथा नेमका असाच आहे : अकरापैकी दहा बिंदू एकाच उभ्या रेषेवर आणि एक दूर उजवीकडे. चारही आलेखांत r 0.816 येतो. चौथ्यात तो एक बिंदू झाकला, की r काढताच येत नाही.

म्हणून हाती आलेल्या चित्रावर उभे खांब दिसतात का, ते प्रथम पाहावे. दिसले तर लंबगोलाची युक्ती बाजूला ठेवून सगळ्यात टोकाचा खांब कागदाने झाकावा आणि उरलेला उतार टिकतो का ते बघावे. टिकला नाही, तर त्याच विहिरींच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी मागवाव्यात. एकाच विहिरीवर वर्षागणिक पाऊस बदलतो तेव्हा माती, खडक आणि उतार तेच राहतात. उपसा मात्र तिथेही बदलतो, तो वेगळा नोंदवावा लागेल.

कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक गोष्ट तपासता येते : बिंदू मोजा. 25 विहिरी म्हटल्या आहेत आणि 22 दिसत असतील, तर तीन एकमेकांखाली दडले आहेत किंवा चौकटीबाहेर कापले गेले आहेत. कापले जातात ते बहुधा टोकाचेच.

पुढील अंकापासून या मासिकाकडे आलेखासह येणाऱ्या लेखांबरोबर आम्ही तक्ताही मागणार आहोत : विहीर, पाऊस कोणत्या मापकावरून घेतला, दोन्ही मोजण्यांच्या तारखा, मोजमाप मीटरमध्ये की फुटांत, आणि कालव्यापासूनचे अंतर.