समान नागरी कायदा : वादविवादाच्या दोन्ही बाजू

आपल्या विद्यालयातून पुढे विधी महाविद्यालयात गेलेले विद्यार्थी कामथडीला येतात, तेव्हा समान नागरी कायद्यावरील वादविवादाची तयारी कशी करावी, असे विचारतात. आम्ही त्यांना २३ नोव्हेंबर १९४८ ची संविधान सभेतील चर्चा समोर ठेवावयास सांगतो. आजचा अनुच्छेद ४४ तेव्हा मसुद्यातील ३५ वा होता आणि दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम मुद्दा बाबासाहेबांच्या एकाच भाषणात आहे.

अनुकूल बाजूने पूर्वार्ध घ्यावा. वैयक्तिक कायदा हा धर्माचा अपरिवर्तनीय भाग आहे, असे काही मुस्लिम सदस्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी दाखविले की, विवाह व वारसा वगळता नागरी कायदा बहुतांशी समानच आहे. वायव्य सरहद्द प्रांतातील मुसलमान १९३५ पर्यंत वारसाबाबत हिंदू कायदा पाळीत होते आणि उत्तर मलबारात मातृवंशीय मरुमक्कथायम कायदा मुसलमानांनाही लागू होता.

प्रतिकूल बाजूने उत्तरार्ध घ्यावा. आरंभी हा कायदा स्वेच्छेने तशी घोषणा करणाऱ्यांनाच लागू करता येईल, असेही ते म्हणाले होते. यावर अनुकूल बाजूचे खंडन असे : स्वेच्छा ही सुरुवात होती, शेवट नव्हे, शिवाय घरात जिचे काही चालत नाही त्या स्त्रीला ऐच्छिक कायदा वाचवीत नाही.

गोव्याचा दाखला हमखास येतो. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेच्या परंपरेने, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा असतो. मुलगा व मुलगी यांच्या वारसाहक्कात भेद नाही. मात्र १८८० च्या हुकुमाने हिंदू पतीला, पत्नीस पंचविशीपर्यंत अपत्य किंवा तिशीपर्यंत पुत्र न झाल्यास, दुसऱ्या विवाहाची सवलत दिली होती. नाव समान, स्त्री मात्र असमान, हा प्रतिकूल बाजूचा घाव आहे. हा अपवाद गाळता येतो, असे उत्तर मिळाले, तर प्रतिपक्षाने विचारावे : मग मसुदा कोठे आहे?

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आपल्याच समाजातून होते. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या आपल्या मुलीला, ‘मग तुम्ही वेगळा कायदा का मागता?’ असे विचारले जाणारच. तिने विधी व हक्क वेगळे करून दाखवावेत : लग्न बौद्ध पद्धतीने व्हावे, एकपत्नीत्व, घटस्फोट, पोटगी आणि वारसा यांचे नियम मात्र सर्वांना एकच असावेत.

आमचे मत विचाराल, तर स्त्रीच्या हक्कांची समानता हीच कसोटी. एकरूपता हे तिचे केवळ साधन होय. ज्याने बाबासाहेबांचे अर्धेच भाषण पाठ केले आहे, त्याला प्रतिपक्ष उरलेले अर्धे वाचून दाखवील. म्हणून संपूर्ण वाचावे आणि चिठ्ठीत कोणतीही बाजू आली तरी उभे राहावे.