फराळाचं पार्सल: यंदा शेवटची तारीख कोणती धरायची?

वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. मुलगी न्यू जर्सीत, भाचा लंडनला, जाऊबाई दुबईत, असं आता आपल्या घरोघरी असतं. म्हणून नेहमीप्रमाणे तारखा आधी सांगते, कारणं मागून.

चेन्नईहून पाठवणार असाल आणि डबा धनत्रयोदशीपर्यंत हातात पडायला हवा असेल, तर साधं हवाई पार्सल 25 सप्टेंबरपर्यंत टाका. टपाल खात्याची आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट 10 ऑक्टोबरपर्यंत आणि खासगी कुरियर 23 ऑक्टोबरपर्यंत. या तारखा टपाल खात्याने जाहीर केलेल्या नाहीत. दिवाळीपासून मागे मोजत, वाटेतल्या अडचणींसाठी दिवस राखून मी काढल्या आहेत. 10 तारखेनंतर इकडे लगेच नवरात्र, मग आयुधपूजा-विजयादशमीच्या सुट्ट्या येतात. साधारण 20 ऑक्टोबरच्या सुमारास तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळामुळे इथला विमानतळच बंद ठेवावा लागला होता, हे आठवत असेल.

गेल्या वर्षी काय झालं?

पाऊस-सुट्ट्यांचा अंदाज बांधता येतो, नियम बदलले तर मात्र बांधता येत नाही. 2025 मध्ये नेमकं तेच झालं. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत जकात नव्हती. ती सवलत 29 ऑगस्टपासून बंद झाली. पण टपालातून आलेल्या मालाची जकात कोणी आणि कशी गोळा करायची, हेच ठरलेलं नव्हतं. विमान कंपन्यांनी माल घ्यायला नकार दिला आणि आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं. पत्रं, कागदपत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटी तेवढ्या चालू ठेवल्या होत्या. काही दिवसांतच त्याही बंद झाल्या. अडकलेल्या पार्सलांचं टपालशुल्क परत मागायची सोय होती, पण डब्यातल्या लाडवांचं काय?

सेवा पुन्हा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी तोंडावर आल्यावर. तेव्हा जकात जाहीर किमतीच्या 50 टक्के होती आणि ती पाठवणाऱ्यानेच इथे बुकिंग करताना भरायची होती. हा आकडा कायमचा नव्हे. तुम्ही जाल त्या दिवशी काऊंटरवर आधी विचारा, मगच डबा सील करा.

100 डॉलरची रेघ

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली, 100 डॉलरच्या आतली खरी भेट अमेरिकेत जकातीतून सुटते. ही सूट एका माणसाला एका दिवसापुरती असते. दुकानदाराने तुमच्या वतीने थेट पाठवलेला मिठाईचा डबा यात बसत नाही, कारण पाठवणारा व्यापारी असतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, लेकीसाठी 5,000 रुपयांची साडी आणि 2,000 रुपयांचा फराळ आहे. हे 7,000 रुपये रेघेच्या आत बसतात. त्यात 5,000 रुपयांची चांदीची निरांजनं ठेवली की बेरीज 12,000 होते आणि रेघ ओलांडली जाते. आता जकात फक्त वरच्या रकमेवर नाही, तर सगळ्या 12,000 वर लागते. गेल्या वर्षीच्या दराने ती 6,000 रुपये झाली असती. निरांजनं जावयासाठी असतील, तर ती वेगळी बांधा आणि त्यांच्या नावाची चिठ्ठी लावा.

घरच्या फराळाची किंमत शून्य लिहू नका. तोच फराळ दुकानात कितीला मिळेल, ते लिहा. इतर देशांच्या रेघा वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये भेटीला 39 पौंडांपर्यंत कर नाही, युरोपीय संघात 45 युरोंपर्यंत, कॅनडात 60 कॅनेडियन डॉलरपर्यंत.

डब्यात काय नको?

सगळ्यात आधी खसखस. अनारशांवर आणि करंजीच्या सारणात आपण ती सहज घालतो. पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बंदी असलेला पदार्थ आहे, आणि तिथे प्रकरण डबा फेकण्यावर थांबेलच असं नाही. दुबईच्या डब्यातले अनारसे आणि करंज्या खसखशीविना करा, किंवा पाठवूच नका.

पेढे-बर्फी खव्याची असते. ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलिया दुधाच्या पदार्थांबाबत कडक आहेत. ऑस्ट्रेलियात अक्षता, धान्य, बिया, सुकी फुलं, गवताची तोरणंही अडवली जातात. त्यामुळे पूजेची पुडी तिकडे पाठवू नका.

कापूर तर कोणत्याच देशाच्या पार्सलात नको. तो चटकन पेट घेतो, म्हणून विमानाच्या दृष्टीने धोकादायक माल ठरतो. अत्तर, फुलबाज्या, काडेपेटी यांचंही तेच. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांबद्दल काऊंटरवर विचारून घ्या.

फॉर्मवर काय लिहायचं?

सीमाशुल्काच्या फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' किंवा 'स्वीट्स' लिहिलेलं पार्सल उघडून पाहिलं जाण्याची शक्यता जास्त. प्रत्येक वस्तू स्वतंत्र ओळीत लिहा: घरी केलेली तांदळाची तळलेली चकली, 500 ग्रॅम, इतके रुपये, सुती साडी, एक, इतके रुपये. सगळं इंग्रजीत. घरी केलेलं असेल, तर 'होममेड' हा शब्द विसरू नका. अमेरिकेत खाद्यपदार्थ पोचण्याआधी त्यांच्या अन्न खात्याला पूर्वसूचना द्यावी लागते. पण स्वतःच्या घरी करून स्वतःच भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला ती लागत नाही. विकतच्या फराळाला ही सूट नाही.

घेणाऱ्याचा तिकडचा मोबाइल नंबर पत्त्याखाली हवाच. पार्सल अडलं की आधी ट्रॅकिंगची शेवटची ओळ पाहा. ती अजून चेन्नईचीच असेल, तर चौकशी इथे करायची. ती परदेशातली असेल आणि "Held by Customs" असं दिसत असेल, तर तिकडच्या माणसाने विचारायचं. कर भरायचा किंवा खुलासा द्यायचा, ते बहुतेक वेळा त्यालाच करावं लागतं.

आता राहिला टिकण्याचा प्रश्न. 10 ऑक्टोबरला डबा टाकायचा, तर तळण 8-9 तारखेला हवं. चार आठवडे टिकतील असे शंकरपाळी, कडक चकली आणि कोरडा चिवडा निवडा. ओल्या नारळाच्या करंज्या नकोत. चेन्नईच्या दमट हवेत चकली तासाभरात सादळते. ती पूर्ण निवली की लगेच हवाबंद पिशवीत भरा, गरम असताना नाही.

आणि 10 तारीख हुकलीच, तर साडी आणि भेटवस्तू टपालाने जाऊ द्या. चार दिवस उशिराने त्यांचं काही बिघडत नाही. फराळ मात्र तेव्हा कुरियरने पाठवा, तोही 23 तारखेच्या आत.