कर्जाची टक्केवारी खाली आली म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांसाठी थोडा हिशोब

मित्रांनो, देशाच्या कर्जावर सध्या दोन प्रकारचे मेसेज फिरतायत. एका गटाचा मेसेज : "प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर लाखाचं कर्ज, देश विकायला काढला." दुसऱ्या गटाचा : "कर्जाचं जीडीपीशी प्रमाण खाली येतंय, बघा किती शिस्तीचा कारभार." पहिला मेसेज घाबरवतो, दुसरा फुशारकी मारतो. हिशोब दोघंही मांडत नाहीत. म्हणून आज जरा लांब लिहितोय, शेवटपर्यंत वाचा.

कर्ज किती आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. दहा लाखांचं कर्ज टपरीवाल्याला बुडवेल, पेट्रोल पंपवाल्याला जाणवणारही नाही. म्हणून कर्ज देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाशी, म्हणजे जीडीपीशी, ताडून बघतात. हे प्रमाण तीन गोष्टींवर हलतं. जुन्या कर्जावरचं व्याज ते वर ढकलतं. जीडीपीची वाढ ते खाली ओढते. आणि तिसरी प्राथमिक तूट, म्हणजे व्याज बाजूला ठेवूनही सरकारचा खर्च कमाईपेक्षा जितका जास्त, तितकी रक्कम. ती थेट वर चढते.

पुढच्या वर्षीचं प्रमाण = जुनं प्रमाण × (१ + व्याजदर) ÷ (१ + वाढीचा दर) + प्राथमिक तूट

शाळेतलं गणित आहे, याहून अवघड काही नाही. आता केंद्राचेच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले आकडे यात घाला.

मागच्या वर्षअखेरचं कर्ज जीडीपीच्या ५७.१ टक्के, रुपयांत साधारण १८५ लाख कोटी. वर्षाचं व्याज १२.७६ लाख कोटी, म्हणजे सरासरी व्याजदर ६.९ टक्के. जीडीपी वाढेल असं धरलंय १०.१ टक्के. यात महागाईसुद्धा मोजलेली असते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. प्राथमिक तूट ०.८ टक्के.

५७.१ ला १.०६९ ने गुणा, १.१०१ ने भागा. येतात ५५.४. त्यात ०.८ मिळवा, झाले ५६.२. सरकारने स्वतः अंदाज दिला होता ५६.१. म्हणजे आपलं वहीवरचं गणित सरकारच्या गणिताशी जवळजवळ जुळतं.

आता नीट बघा काय झालं. सरकारने त्या वर्षी कर्ज फेडायचं ठरवलं होतं का? नाही. उलट १५.६९ लाख कोटींची नवी तूट ठरवली. त्यातले १२.७६ लाख कोटी जुन्या कर्जाच्या व्याजाला आणि वरचे जवळपास तीन लाख कोटी इतर खर्चाला. सगळं व्याज नवं कर्ज काढून भरायचं, वर आणखी उसने घ्यायचे, आणि तरीही प्रमाण एका टक्क्याने खाली! किमया एकच, जीडीपी व्याजापेक्षा जोरात पळेल हे धरलेलं आहे.

नाही पळाला तर? तेच गणित फक्त ८ टक्के वाढ धरून करा. ५७.१ गुणिले १.०६९, भागिले १.०८. येतात ५६.५. प्राथमिक तूट मिळवली की ५७.३. म्हणजे प्रमाण खाली यायच्या ऐवजी वर गेलं. एक रुपया जादा खर्च न करता! आणि प्रत्यक्षात हाल आणखी होतात, कारण वाढ मंदावली की करवसुलीही घटते, मग प्राथमिक तूटसुद्धा फुगते.

हे नुसतं कागदी नाही, २०२०-२१ ला आपण भोगलंय. त्याआधी केंद्राचं कर्ज ५१ टक्क्यांच्या आसपास होतं. लॉकडाऊनमुळे जीडीपी वाढायच्या ऐवजी टक्काभर आकसला आणि वर्षअखेर कर्ज गेलं ६१ टक्क्यांच्या घरात. या दहा टक्क्यांतले सुमारे सहा प्राथमिक तुटीचे. ते एकवेळ समजू, रेशन आणि मदत द्यायचीच होती. पण उरलेले चार कशाचे? जुन्या कर्जावर व्याज चालू राहिलं आणि भागाकाराचा आकडा लहान झाला, एवढ्याच कारणाचे.

म्हणून माझा सवाल सरळ आहे. चांगल्या वर्षात प्रमाण खाली आलं की "आमची शिस्त", आणि वाईट वर्षात वर गेलं की "देवाची करणी", हा कुठला न्याय? या तीन गोष्टींपैकी सरकारच्या थेट हातात एकच आहे, प्राथमिक तूट. शिस्तीचं प्रगतिपुस्तक बघायचं तर त्या एकाच विषयाचे मार्क बघा.

आता महागाईकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. त्या १०.१ टक्क्यांत खरी वाढ किती? त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीने ६.३ ते ६.८ टक्के सांगितली होती. बाकीचे साडेतीन टक्के भाववाढीचे. म्हणजे तूरडाळ आणि औषधं महागली की जीडीपीचा आकडा फुगतो आणि सरकारच्या कर्जाचं ओझं हलकं दिसतं. जुन्या रोख्यांचा व्याजदर तर ठरलेलाच असतो, तो महागाईबरोबर वाढत नाही.

मग ते ओझं कोणाच्या खांद्यावर गेलं? सरकारला कर्ज देतं कोण, हे बघितलं की कळतं. बँकांना आपल्या ठेवींपैकी साधारण १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते, तसा नियम आहे. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीचा पैसाही तिकडेच जातो. म्हणजे शेवटी पैसा तुमचा-आमचा. २०२०-२१ मध्ये महागाई सरासरी ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँका वर्षाच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. ज्या निवृत्त मास्तरांनी आयुष्यभराची पुंजी एफडीत टाकली, त्यांची पुंजी दरवर्षी झिजत होती. सरकारचं प्रमाण सुधारायला त्यांनी हातभार लावला, पण त्यांचं आभाराचं भाषण कोणी केलं नाही.

याचा अर्थ कर्ज काढूच नये असं मी म्हणत नाही. कालवा, रस्ता, रेल्वे यासाठी काढलेलं कर्ज पुढे वाढीचा दरच वर नेतं, ते स्वतःची सोय स्वतः करतं. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेला पैसा ते करत नाही.

जाता जाता आपल्या राज्याचं. महाराष्ट्राचे नेते अभिमानाने सांगतात, आमचं कर्ज राज्याच्या उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्याही आत आहे. बरोबर आहे. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट होती १ लाख ३६ हजार कोटी आणि व्याज ६५ हजार कोटींच्या घरात. वजा करा. उरली प्राथमिक तूट सुमारे ७१ हजार कोटी, राज्याच्या उत्पन्नाच्या जवळपास दीड टक्का. केंद्राच्या ०.८ पेक्षा ही जास्त. आणि जुनं कर्ज कमी असल्यामुळे वाढीचा फायदाही राज्याला कमीच मिळतो. ५७ टक्क्यांवर एखादा-दीड टक्का सुटतो, १९ टक्क्यांवर पाव-अर्धा. म्हणजे आज आकडा लहान दिसतो, पण तोंड वरच्या दिशेला आहे.

पुढच्या वेळी आमदार-खासदार चौकात येऊन टक्केवारी सांगू लागले, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा : "साहेब, व्याज सोडून तूट किती? आणि ती कशावर खर्च केली?" उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तरी लिहा.