‘कोड पाठवला आहे’ : हे कोणी पाहिलं?

नव्या संकेतस्थळावर नाव, मोबाइल आणि ईमेल भरून बटण दाबलं की पडद्यावर एक वाक्य येतं : ‘तुमच्या ईमेलवर कोड पाठवला आहे. मिळाला नसेल तर स्पॅम फोल्डर पाहा.’ पनवेलमधल्या कुठल्याही ई-सेवा केंद्रात जून-जुलैत तासभर उभं राहिलं तर हे वाक्य वाचून खोळंबलेली दोन-तीन कुटुंबं सहज दिसतील. अकरावीचे प्रवेश, सिडकोच्या घरांचे अर्ज, भरती परीक्षा, क्लासची नोंदणी असं सगळंच आता ऑनलाइन असतं. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरचा कोड पुरतो. छोट्या संस्थांचा कारभार मात्र अजून ईमेलवरच चालतो, आणि तिथेच गाडी अडते. मेल आला नाही की केंद्रचालक विद्यार्थ्याला म्हणतो, ‘ईमेल नीट बघ.’ विद्यार्थी म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ संकेतस्थळाकडे कोणीच बोट दाखवत नाही, कारण त्याने तर ‘पाठवला आहे’ असं लिहूनच ठेवलेलं असतं. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा हे वाक्य खरं-खोटं न तपासताच लिहिलेलं असतं. मेलचं काय झालं हे ज्याला समजू शकतं तो एकटा पाठवणारा, आणि तोच मूग गिळून बसतो.

‘पाठवला’ म्हणजे नेमकं काय झालं, ते आधी पाहू. बटण दाबल्यावर संकेतस्थळ मेल तयार करून आपल्या सर्व्हरवरच्या रांगेत टाकतं आणि त्याच क्षणी पडद्यावर ते वाक्य उमटतं. पत्र पेटीत टाकलं म्हणजे घरी पोचलं असं पोस्टमनही म्हणणार नाही, इथे मात्र तेच गृहीत धरलेलं असतं. पुढे तो सर्व्हर जीमेलसारख्या घेणाऱ्या सर्व्हरशी बोलतो. या बोलण्याचे नियम 1982 साली ठरले आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे. मेल पुढे केला की समोरून तीन आकडी उत्तर येतं. पहिला आकडा 2 असेल तर ‘घेतला’, 4 असेल तर ‘आत्ता नाही, नंतर ये’, आणि 5 असेल तर ‘घेणार नाही’. उत्तराबरोबर बहुतेकदा कारणही लिहिलेलं असतं. ते बहुधा काही सेकंदांतच मिळतं आणि पाठवणाऱ्याच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरतं. विद्यार्थ्याला ते कधीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येतो फक्त स्पॅम फोल्डरचा सल्ला, आणि तो सल्ला उत्तर 2 ने सुरू झालं असेल तरच कामाचा आहे. उत्तर 4 किंवा 5 ने सुरू झालं असेल तर त्या वेळी स्पॅम फोल्डर कितीही उकरला तरी हाती काही लागणार नाही.

यातला 4 चा प्रकार सर्वांत फसवा. समजा, एका महाविद्यालयाच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे. वर्षभर दिवसाला पाच-पन्नास मेल पाठवणारा त्यांचा सर्व्हर आज तासाभरात हजारो पाठवू लागतो. जीमेलला हे लक्षण संशयास्पद वाटतं आणि ते `421 4.7.28` असं उत्तर देऊन वेग अडवतं. याचा अर्थ, या पत्त्यावरून अचानक फार मेल येताहेत, थांबा. यात काही चुकीचं नाही, स्पॅम पाठवणाराही असाच अचानक उसळतो. पाठवणारा सर्व्हर मग मुकाट्याने थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. किती वेळाने, हे त्याच्या मांडणीवर ठरतं. स्वस्त होस्टिंगवर सर्रास आढळणारं एक्झिम नावाचं मेल सॉफ्टवेअर मूळ मांडणीनुसार पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी प्रयत्न करतं. इंटरनेटच्या मेलविषयक मानकात तर साधारण अर्ध्या तासाचं अंतर सुचवलेलं आहे. आणि कोडची मुदत असते 10 मिनिटं.

आता घड्याळ लावून पाहा. 11 वाजून 40 मिनिटांनी बटण दाबलं आणि जीमेलने ‘नंतर ये’ म्हटलं. 11.43 ला विद्यार्थ्याने ‘पुन्हा पाठवा’ दाबलं, 11.46 ला पुन्हा एकदा. दर वेळी नवा कोड तयार झाला आणि आधीचा बाद झाला, पण तिन्ही मेल रांगेतच राहिले. 11.50 ला पहिल्याची मुदत संपली, 11.55 ला तो पोचला. दुसरा आणि तिसराही त्याच सुमारास किंवा त्यानंतर आले. तिन्हींचा विषय एकच असल्यामुळे जीमेलने ते एकाच संभाषणात गुंडाळून दाखवले. विद्यार्थ्याने समोर आला तो कोड टाकला, आणि संकेतस्थळाने सांगितलं : ‘कोड चुकीचा आहे.’ इथे एकही मेल हरवलेला नाही आणि कोणीही चुकीचं काही टंकलेलं नाही. फक्त 10 मिनिटांची मुदत ठरवणाऱ्याने 15 मिनिटांची रांग कधी पाहिलेली नव्हती. असं झालं की नाही, हे वाचकाला घरबसल्या ताडून पाहता येतं. संगणकावर जीमेलमध्ये तो मेल उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतलं `Show original` निवडलं की वरच्या चौकटीत `Delivered after 904 seconds` अशा धाटणीची ओळ दिसते. हा आकडा दहा-वीस सेकंदांचा असेल तर वाटेत खोटी झाली नाही, आठ-नऊशेचा असेल तर मेल रांगेत अडकला होता.

5 चं उत्तर सरळसोट नकाराचं असतं. त्याचं छोट्या संस्थांकडचं नेहमीचं कारण विद्यार्थ्याच्या बाजूला नसतंच. संस्थेने कार्यालयीन मेल गूगलकडे घेतलेला असतो, आणि तिच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे हे सांगणारी एसपीएफ नावाची जाहीर नोंद तेव्हाच केलेली असते. ती साधारण अशी दिसते :

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

म्हणजे आमच्या नावाने फक्त गूगलचे सर्व्हर मेल पाठवतील, बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका. पुढे वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी संकेतस्थळ बनवून देतो. ते वेगळ्याच होस्टिंगवर असतं आणि कोडचे मेल तिथूनच संस्थेच्या नावाने निघतात. ही नोंद बदलायची मात्र कोणालाच आठवत नाही. मग संस्थेच्या लेखी सूचनेनुसारच जीमेल संस्थेचा मेल परका ठरवतं. त्यावर डीकेआयएम ही डिजिटल सहीही नसेल तर `550 5.7.26` म्हणून तो दारातूनच परत जातो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलकडे पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक लागतं, आणि दिवसाला 5,000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला ही दोन्ही, शिवाय डीमार्क नावाची आणखी एक जाहीर नोंदही. ‘गेल्या वर्षी तर सगळं नीट चाललं होतं’ ही तक्रार त्यानंतर बरीच वाढली असेल तर नवल नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला असा की चूक लोकांचीच असते. काही वेळा असते, हे मान्य. `gmail.com` ऐवजी `gmial.com` टंकलेलं असतं. वडिलांच्या जीमेलची 15 जीबी जागा फोटोंनी भरलेली असते, कारण जून 2021 पासून गूगल फोटोही त्याच हिशेबात धरले जातात, आणि पेटी भरली की नवा मेल आत येत नाही. केंद्रावर घाईत आणखी एक गोष्ट घडते : पत्ता आधी फॉर्मवर लिहिला जातो आणि जीमेलचं खातं नंतर उघडलं जातं. मधल्या काळात गेलेला कोड ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत येतो. ॲमेझॉन एसईएस किंवा सेंडग्रिडसारख्या मेल पाठवणाऱ्या सेवा असा पत्ता पुढे टाळायच्या यादीत घालतात. त्यानंतर खातं उघडलं, पत्ता अगदी बरोबर असला, तरी त्यावर कोड निघतच नाही, आणि पडद्यावर मात्र ‘पाठवला आहे’ झळकत राहतं. नीट पाहिलं तर या तिन्ही चुका पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये स्पष्ट उमटतात. पत्ता नाही, पेटी भरली, यादीत अडकला. चूक लोकांची असली तरी ती त्यांना सांगू शकणारा दुसराच आहे, तेव्हा या आक्षेपाने माझा मुद्दा उलट बळकटच होतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो वजनदार आहे. कोणता पत्ता नोंदलेला आहे हे पडद्यावर सांगितलं तर भामटे पत्ते टाकून चाचपणी करतील, म्हणून उत्तर मोघम ठेवावं असा संकेत आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ या ठिकाणी तो योग्यच आहे. नव्या नोंदणीला तो जसाच्या तसा लावायचं कारण नाही. पत्ता आधीच नोंदलेला असेल तर पडद्यावर काहीच न सांगता त्या पत्त्यावर ‘तुमचं खातं इथे आधीपासून आहे’ असा मेल धाडता येतो. आणि ‘समोरचा सर्व्हर सध्या मेल घेत नाहीये, अर्ध्या तासाने पाहा, तोवर कोड चालेल’ असं सांगितल्याने कोणाचं कसलं गुपित फुटतं?

तिसरं म्हणणं असं की ईमेल सोडा, सगळ्यांना एसएमएस पाठवा. एसएमएसचा भरवसा किती, हे 8 मार्च 2021 रोजी देशाने पाहिलं. व्यावसायिक संदेशांचे मसुदे आधी नोंदवायचा ट्रायचा नियम त्या दिवशी काटेकोरपणे लागू झाला. ज्यांनी मसुदे नोंदवले नव्हते त्यांचे संदेश गाळले गेले आणि बँकांच्या व्यवहारांपासून लसनोंदणीपर्यंतचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला तो नियम सात दिवसांसाठी स्थगित करावा लागला. रस्ता बदलला तरी नाकी असतातच.

मग करायचं काय? वाचकाने ‘पुन्हा पाठवा’ एकदाच दाबावं, तेही पंधरा मिनिटं थांबून, आणि सर्वांत शेवटी आलेलाच कोड वापरावा. तरीही काही आलं नाही तर बटण दाबल्याची वेळ आणि पत्ता लिहून संस्थेला कळवावं आणि ‘तुमच्या लॉगमध्ये या वेळेला काय उत्तर नोंदलंय?’ एवढंच विचारावं. पनवेल-खारघरच्या ज्या क्लासेसनी, महाविद्यालयांनी आणि संस्थांनी स्वतःची संकेतस्थळं बनवून घेतली आहेत, त्यांनी हा प्रश्न येण्याआधीच विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आपलं डोमेन घालून पुढची ओळ चालवावी :

```
nslookup -type=txt example.com
```

उत्तरात `v=spf1` ने सुरू होणारी ओळ दिसेल. तिच्यात संकेतस्थळाच्या होस्टिंगचा उल्लेख नसेल, तर संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला आजच फोन लावा. आणि तो फोनवर असतानाच कोडची मुदत 10 वरून 60 मिनिटांवर न्यायला सांगा.