जुनी डिस्क स्वस्त, पण कोणत्या प्रदेशाची?

'प्लेस्टेशन ५'साठीचा एखादा मोठा नवा खेळ भारतात सुमारे पाच हजार रुपयांना मिळतो. तो ऑनलाइन दुकानातून उतरवून घेतला काय किंवा डिस्कच्या रूपात आणला काय, सुरुवातीच्या किमतीत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो खेळ संपल्यावर. उतरवून घेतलेली प्रत हा केवळ त्या खात्यापुरता वापराचा परवाना असतो. ती विकता येत नाही. डिस्क मात्र विकता येते.

समजा, एखाद्याने वापरलेली डिस्क २,८०० रुपयांना घेतली आणि दोन महिन्यांनी २,००० रुपयांना विकली. त्याला तो खेळ ८०० रुपयांत पडला. मात्र ती विकायला वर्ष लावले आणि तोवर ऑनलाइन दुकानाने तोच खेळ सवलतीत १,५०० रुपयांना काढला, तर जुन्या डिस्कला २,००० रुपये कोणी देणार नाही. डिस्कचे मोल टिकते ते असे थोडेच दिवस. म्हणूनच नव्या खेळासाठी डिस्क आणि जुन्या खेळासाठी सवलतीतील डिजिटल प्रत, असे गणित बहुधा जुळते.

या गणितात एक छुपा अडसर आहे, तो प्रदेशाचा. अमेरिकेत विकली गेलेली डिस्क भारतातील यंत्रावर चालते. 'प्लेस्टेशन ४' आणि '५'च्या खेळांना तसे कुलूप नाही. मात्र त्या खेळाचे पुढील भाग वा जादा पात्रे भारतीय खात्यातून विकत घेतली, तर ती त्या डिस्कशी सहसा जुळत नाहीत. ती डिस्कच्याच प्रदेशातील दुकानातून घ्यावी लागतात आणि खात्याचा देश तर नंतर बदलता येत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवर असो वा ओळखीच्या माणसाकडून, खरेदीपूर्वी वेष्टनावरील वयोगटाची खूण पाहावी. अमेरिकी प्रतीवर 'ईएसआरबी'ची, युरोपीय प्रतीवर 'पेगी'ची, तर जपानी प्रतीवर 'सेरो'ची खूण असते. डब्यातील जादा मजकुराचे कूपनही आधीच्या मालकाने बहुधा वापरलेले असते.

उरला प्रश्न जागेचा. फूटभर फळीवर सुमारे वीस डबे मावतात. डबे फेकून डिस्क पाकिटात ठेवल्या तर जागा वाचते, पण विकताना भाव उतरतो. शिवाय डिस्क घेतली म्हणून यंत्रातील जागा वाचत नाही. खेळ आत उतरवावा लागतोच आणि खेळताना डिस्कही लावावी लागते. डिस्क ड्राइव्ह नसलेल्या यंत्राच्या मालकाला तर हा पर्यायच नाही. २०२३ मध्ये आलेल्या सडपातळ आवृत्तीला ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण त्याची किंमतही हिशेबात धरावी लागते.

थोडक्यात, खेळ संपताच डिस्क विकणाऱ्याचे पैसे वाचतात आणि फळीही मोकळी राहते. ज्याला डिस्क विकवत नाही, त्याने सवलतीची वाट पाहिलेली बरी.