सोमवारी, दुपारी, घरी : इंग्रजी लिहिताना मराठी कोठे आडवी येते

परीक्षेचा निकाल लागला की पालकांचे एक ठरावीक वाक्य आमच्या कानी पडते : "बाकी सगळे ठीक आहे हो गुरुजी, पण इंग्रजीत फार बारीकसारीक चुका करतो, लक्षच देत नाही." उत्तरपत्रिका उघडून पाहिली की या बारीकसारीक चुका म्हणजे काय ते कळते. कोठे 'ए' राहिला आहे, कोठे 'द', कोठे 'ऑन'च्या जागी 'इन' आहे, कोठे नको असलेला 'टु' येऊन बसला आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर उपपदे आणि शब्दयोगी अव्यये, म्हणजे आर्टिकल्स आणि प्रिपोझिशन्स, या दोन ठिकाणीच मूल अडखळले आहे. आमचे म्हणणे असे की याला निष्काळजीपणा म्हणणे हा मुलांवर अन्याय आहे. या चुका बेशिस्त नसतात. मूल तेथे मराठीचे व्याकरण अचूकपणे वापरत असते; फक्त ते इंग्रजीत वापरत असते.

आम्हीही पूर्वी चुकलेले वाक्य दहा वेळा लिहून आणायला सांगत असू. मुले ते निमूटपणे आणीत आणि पुढच्या निबंधात तीच चूक करीत. दहा वेळा लिहिलेले वाक्य पाठ होते, पण चूक जेथून येते ते ठिकाण तसेच राहते. ते ठिकाण दाखवावे म्हणून हा लेख.

विभक्तीचा तक्ता आपण सर्वांनी पाठ केला आहे. सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ. त्यातील एकटा 'ई' घ्या. आपण म्हणतो सोमवारी, दुपारी, रात्री, घरी. मराठीच्या दृष्टीने हे एकच काम आहे आणि त्याला एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजीत मात्र सोमवारला 'ऑन' लागतो, दुपारला 'इन द', रात्रीला 'ॲट' आणि घरालाही 'ॲट'. एका दारातून निघालेल्या मुलाला समोर तीन दारे दिसतात आणि मराठी त्याला कोणते दार ते सांगत नाही. मग ते अंदाज करते. 'वर'चेही तसेच. टेबलावर आणि भिंतीवर येथे 'ऑन' बरोबर येतो, म्हणून मूल विश्वासाने पुढे जाते : 'आय ॲम अँग्री ऑन हिम', 'आय बिलीव्ह ऑन यू'. मराठीत आपण माणसावर रागावतो आणि माणसावर विश्वास ठेवतो. इंग्रजीत राग 'विथ' असतो आणि विश्वास 'इन'. 'ने'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. बसने आलो येथे 'बाय', पण चाकूने कापले येथे 'विथ'.

याहून अवघड असतात त्या जागा, जेथे मराठीत प्रत्यय आहे आणि इंग्रजीत काहीच नाही. आपण प्रश्नाबद्दल चर्चा करतो, खोलीत प्रवेश करतो, पुण्याला पोहोचतो. म्हणून मूल लिहिते 'डिस्कस्ड अबाउट', 'एन्टर्ड इन', 'रीच्ड टु'. इंग्रजीत ही क्रियापदे नामाला थेट हात घालतात, मध्ये कोणी लागत नाही. मराठी मनाला ही मोकळी जागा अपुरी वाटते आणि ते ती भरून काढते.

उपपदांची अडचण निराळी आहे. मराठीत उपपदे नाहीत, एवढे सांगून बहुतेक पुस्तके थांबतात. ते अर्धेच खरे आहे. ओळखीचे कोणते आणि अनोळखी कोणते, हे सांगण्याची सोय मराठीतही आहे. 'अंगणात कुत्रा आला आहे' आणि 'कुत्रा अंगणात आला आहे' ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात बहुधा कोणता तरी कुत्रा आहे, दुसऱ्यात आपल्याला ठाऊक असलेला. शब्द तेच, जागा बदलली. 'त्याने मुलगी पाहिली' आणि 'त्याने मुलीला पाहिले' यांतही 'ला' मुलीची ओळख पक्की करतो. म्हणजे 'ए' आणि 'द' यांतील भेद मुलाच्या मनात आधीच आहे, तो फक्त वेगळ्या शब्दाने बोलायची त्याला सवय नाही. हे सांगितले की मुलांचे चेहरे बदलतात, असा आमचा अनुभव आहे.

म्हणून आम्ही मुलांना नियमांची यादी देत नाही. एक तपासणी आणि दोन प्रश्न देतो. तपासणी अशी की, मोजता येणारे एकवचनी नाम इंग्रजीत उघडे राहू शकत नाही. त्याच्यापुढे 'ए', 'द', 'माय', 'धिस' असे काहीतरी हवेच. उघडे नाम सापडले की मग पहिला प्रश्न : मराठीत त्यापुढे 'तो, ती, ते' लावून अर्थ तोच राहतो का? राहत असेल तर 'द'. दुसरा प्रश्न : 'एखादा' किंवा 'कोणता तरी' लावता येतो का? येत असेल तर 'ए' किंवा 'ॲन'. या दोहोंतून निवड करताना मात्र देवनागरी फार उपयोगी पडते, आणि याचा उपयोग फारसा कोणी करीत नाही याचे आम्हांस नवल वाटते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा आणि पहिले अक्षर पाहावे. 'अवर', 'ऑनेस्ट', 'एम.ए.' स्वराने सुरू होतात, तेथे 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' य-ने सुरू होते, 'वन-रुपी नोट' व-ने, तेथे 'ए'. इंग्रजी स्पेलिंग जे लपवते ते आपली लिपी उघड दाखवते.

आता एक परिच्छेद पाहू. अनेक वह्यांत भेटणाऱ्या चुका जुळवून तो आम्हीच बनवला आहे : "आय ॲम स्टुडंट ऑफ युवर स्कूल. ऑन लास्ट मंडे आय वेन्ट टु मार्केट. देअर आय सॉ ओल्ड मॅन. ओल्ड मॅन वॉज सिटिंग इन सन. वी डिस्कस्ड अबाउट हिज प्रॉब्लेम. ही इज लिव्हिंग देअर सिन्स टेन इयर्स."

आधी फक्त नामांवर बोट ठेवायचे. 'स्टुडंट' उघडे आहे. येथे आमचा 'एखादा' हा प्रश्न फसतो, हे कबूल केले पाहिजे. 'मी तुमच्या शाळेचा एखादा विद्यार्थी आहे' असे कोणी म्हणत नाही. कोणी कोण आहे हे सांगताना, 'माझे वडील शेतकरी आहेत' अशा वाक्यांत, मराठी नाम उघडेच ठेवते. ही एक जागा वेगळी शिकवावी लागते : तेथे 'ए स्टुडंट', 'ए फार्मर'. 'मार्केट' हा आपला नेहमीचाच बाजार, 'तो' लागतो, म्हणून 'द मार्केट'. पहिला 'ओल्ड मॅन' अनोळखी आहे, आणि 'ओल्ड' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन'. पुढच्याच वाक्यात तो ओळखीचा झाला, तेथे 'द ओल्ड मॅन'. सूर्य एकच, 'द सन'. नामे संपली की शब्दयोगी अव्यये. 'लास्ट', 'नेक्स्ट' आणि 'धिस' यांच्यामागे वाराचा 'ऑन' गळतो. 'डिस्कस्ड'नंतरचा 'अबाउट' जातो. शेवटच्या वाक्यात 'पासून'ने फसवले आहे. 'सोमवारपासून' हा काळातील एक बिंदू, तेथे 'सिन्स'. 'दहा वर्षांपासून' ही लांबी, तेथे 'फॉर'. मराठी दोहोंना एकच शब्द देते. शिवाय क्रियापदही बदलते : 'ही हॅज बीन लिव्हिंग देअर फॉर टेन इयर्स'.

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे, रात्रीच्या अभ्यासिकेत रोज पंधरा मिनिटे, एवढा वेळ या सरावाला पुरतो. पहिला आठवडा केवळ उपपदांचा. पाठ्यपुस्तकातीलच पाच-सहा ओळी उपपदे गाळून फळ्यावर लिहायच्या, मुलांनी ती भरायची आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहायचे. अट एकच, प्रत्येक ठिकाणी कारण मराठीत सांगायचे. कारण न सांगता बरोबर आलेले उत्तर आम्ही धरत नाही, कारण तो अंदाज असू शकतो.

दुसरा आठवडा चिठ्ठ्यांचा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत. एका बाजूस मराठी वाक्य, 'तो माझ्यावर रागावला', 'ती इंग्रजीत हुशार आहे', 'आम्ही पुण्याला पोहोचलो', मागे इंग्रजी. मराठी वाचून इंग्रजी तोंडाने म्हणायचे, मग उलटून पाहायचे. 'अँग्री विथ', 'गुड ॲट', 'अफ्रेड ऑफ', 'मॅरिड टु' हे जोडशब्दच समजून पाठ करावेत. अव्यय का असेच आले, याला पुष्कळदा समाधानकारक उत्तर नसते आणि तसे मुलांना सांगण्यात कमीपणा नाही. मात्र 'डिस्कस', 'एन्टर', 'रीच' यांच्या रिकाम्या जागेच्या चिठ्ठ्या त्यांतच मिसळून ठेवाव्यात. वेगळ्या ठेवल्या तर मुलाला उत्तर आधीच कळते. चुकलेली चिठ्ठी गठ्ठ्यात तळाशी न घालता तीन-चार चिठ्ठ्यांनंतर पुन्हा यावी. हे काम घरी पालकही घेऊ शकतात. त्यांना इंग्रजी येण्याची गरज नाही, कारण त्यांनी फक्त मराठी बाजू वाचायची आहे.

या सुमारास एक घोटाळा हमखास होतो. आतापर्यंत 'द' विसरणारे मूल सगळीकडे 'द' लिहू लागते : 'द लाइफ इज ब्युटिफुल', 'द डॉ. आंबेडकर'. घाबरू नये, मूल नामे पाहू लागले याची ती खूण आहे. त्याला एवढेच दाखवावे की पाणी, जीवन, शिक्षण अशा न मोजल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल सर्वसाधारण बोलताना इंग्रजीही मराठीप्रमाणे नाम उघडे ठेवते, आणि माणसाच्या नावाला उपपद लागत नाही. उलट 'एक सल्ला दिला' म्हणून 'ॲन ॲडव्हाइस' लिहिण्याचा मोह होतो; इंग्रजीत सल्ला आणि माहिती मोजता येत नाहीत, हे दोन शब्द स्वतंत्रपणे लिहून ठेवावेत. नद्यांपुढे 'द' असतो, शिकायला शाळेत जाताना 'स्कूल'पुढे नसतो. अशा सुट्या बाबी पुष्कळ आहेत. शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांच्या मागे लागू नये.

तिसऱ्या आठवड्यात नवे काही घेऊ नये. प्रत्येकाने आपल्याच सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका काढाव्यात आणि आपल्या वारंवार होणाऱ्या सहा-सात चुका एका कागदावर लिहाव्यात. हा कागद ज्याचा त्याचा वेगळा होतो. कोणाचा 'सिन्स' पक्का असतो पण 'ए फार्मर' सुटतो, कोणाचे उलटे.

परीक्षागृहात शेवटची सात-आठ मिनिटे राखून ठेवावीत आणि पत्र व निबंध दोनदा वाचावेत. पहिल्या वाचनात अर्थाकडे लक्ष न देता पेन्सिलीचे टोक केवळ नामांवरून फिरवायचे आणि उघडे एकवचन शोधायचे. दुसऱ्या वाचनात आपल्या कागदावरील चुका आठवून अव्यये पाहायची. घंटा होत आली आणि एकच वाचन शक्य असेल, तर दुसरे सोडावे, पहिले सोडू नये.