मिच्छामि दुक्कडं म्हणताना हसायचं की नाही?

मैत्रिणींनो, संवत्सरी होऊन गेली की दरवर्षी माझं डोकं दोन गोष्टींनी तापतं. पहिली, मोबाइलवर येऊन पडणारे विनोदी क्षमापनेचे मेसेज. दुसरी, ते बघून "क्षमापनेत थट्टा कसली? हास्य हा नोकषाय आहे," असं सांगणाऱ्या आमच्याच ज्येष्ठ बेन. दोन्ही बाजूंचं मला पटत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

२०२५ साली आमच्याकडची संवत्सरी आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, २७ ऑगस्टला आली. नागोठण्यात आमच्या गल्लीत पेणहून आलेले गणपती बसत होते, आरत्या चालू होत्या आणि आम्ही प्रतिक्रमणाची कटासणी घेऊन निघालो होतो. रात्री घरी येऊन फोन उघडला तर मोदक, मूषक आणि मिच्छामि दुक्कडं सगळं एकाच ढिगात. त्यातल्या एका मेसेजचा मतलब असा होता की, वर्षभर तुला छळलं त्याची माफी, आणि पुढच्या वर्षीही छळणार आहे त्याची आगाऊ माफी! खाली दात काढणारे चेहरे. हा एकच मेसेज मला सहा जणींकडून आला. सहापैकी चौघींनी तर मला कधी छळलेलंही नाही.

आता ह्यात विनोद कुठे आहे ते मला सांगा. कुंभाराची गोष्ट आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकली आहे. एक लहान साधू कुंभाराच्या मडक्यांवर खडे मारतो. मडकं फुटलं की म्हणतो, मिच्छामि दुक्कडं. पुन्हा खडा, पुन्हा मडकं, पुन्हा मिच्छामि दुक्कडं. शेवटी कुंभार उठतो, त्याचा कान पिळतो आणि म्हणतो, मिच्छामि दुक्कडं. साधू ओरडतो, कुंभार पुन्हा पिळतो आणि पुन्हा तेच म्हणतो. लहानपणी ही गोष्ट ऐकून उपाश्रयात आम्ही मुली खुदखुदून हसायचो आणि महाराजसाहेबही रागवायचे नाहीत. "पुढच्या वर्षीही छळणार" हा मेसेज म्हणजे हातात खडा धरूनच माफी मागणं. मिच्छामि दुक्कडं म्हणजे माझं ते दुष्कृत्य मिथ्या होवो, निष्फळ होवो. एका हाताने खोडायचं आणि त्याच ओळीत पुन्हा लिहायचं, हे हिशेबातही चालत नाही आणि धर्मातही नाही.

पण म्हणून हास्यालाच बंदी? इथे मी ज्येष्ठ बेनशी भांडते. हास्य नऊ नोकषायांत येतं, हे खरं. त्याच यादीत शोक आहे, भय आहे. मग संवत्सरीला एकमेकींच्या गळ्यात पडून डोळे पुसतो तेव्हा कुणी म्हणत नाही, "बाई, शोक हा नोकषाय आहे, रडू नकोस." रडलेलं चालतं, हसलेलं चालत नाही, हा पक्षपात झाला. हसण्याने पुण्य लागतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रत सांभाळायला क्रोध, लोभ, भय आणि हास्य सोडायला सांगितलं आहे, तेही मला ठाऊक आहे. पण ते सांगितलंय सत्याच्या व्रतात, हे लक्षात घ्या. रागात माणूस खोटं बोलतो, लोभात बोलतो, भीतीने बोलतो आणि थट्टेतही बोलून जातो. म्हणजे थट्टा करायचीच असेल तर निदान ती खरी हवी, एवढं तरी त्यातून माझ्यासारख्या श्राविकेने घ्यावं.

आणि खरं म्हणजे नुसतं खरं असूनही भागत नाही. दशवैकालिकाचं वाक्यशुद्धी नावाचं सातवं अध्ययन आहे, साधूंनी कसं बोलावं त्याबद्दल. त्यात सांगितलंय की काण्याला काणा म्हणू नये, रोग्याला रोगी म्हणू नये, चोरालासुद्धा तोंडावर चोर म्हणू नये. खरं असलं तरी म्हणू नये, कारण त्याला लागतं. आपल्या ग्रुपवरचे विनोद आठवा आता. कुणाचे गुडघे, कुणाचं वजन, कुणाला कमी ऐकू येणं, कुणाच्या सुनेशी न पटणं. ह्यातलं एकही त्या बाईला उद्या सकाळी बदलता येणार नाही.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. तीन वर्षांपूर्वी मीच घोटाळा केला. संवत्सरी प्रतिक्रमणातला चाळीस लोगस्स आणि एका नवकाराचा काउसग्ग तुम्हाला माहीत आहे, केवढा लांब असतो. पक्खीला बारा, चौमासीला वीस आणि त्या दिवशी चाळीस. माझी एक जुनी मैत्रीण त्या काउसग्गात बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, "आम्ही चाळीस लोगस्स मनात म्हटले, तू चाळीस वेळा नाकाने म्हटलेस. तुझ्या घोरण्यात आमचं लक्ष गेलं त्याबद्दल तूच आमची माफी माग!" अकरा जणी ग्रुपवर. दहा जणींनी हसून घेतलं. तिनेही एक हसरा चेहरा टाकला आणि गप्प बसली.

तिथेच मला कळायला हवं होतं. ही बाई एरवी एका टोमण्याला तीन परत देते. जिच्याकडून उलट चिमटा यायचा तिच्याकडून नुसता चेहरा आला, तर समजावं की लागलंय. मी समजले नाही. पुढच्या चौदसीला ती पक्खी प्रतिक्रमणाला आली नाही, त्यानंतरच्याही आली नाही. दिवाळीच्या सुमारास तिच्या मुलीकडून कळलं की डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या, त्यांनी दिवसभर गुंगी असायची. तरी ती हट्टाने तीन तास येऊन बसली होती.

वंदित्तु सूत्र आपण दर पक्खीला म्हणतो. दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत पहिलाच आहे सहसाभ्याख्यान, विचार न करता, चौकशी न करता कुणावर काही ठेवून देणं. इतकी वर्षं म्हणत आलेय, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. त्याच्यापुढचा रहस्याभ्याख्यान, कुणाची खासगी गोष्ट उघड करणं. आणि तिसरा जोडीदाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडणं. "आमचे हे काय म्हणाले तुझ्या ढोकळ्याबद्दल" असे विनोद करणाऱ्या सगळ्या जणी (मी धरून) तिसऱ्यात बसतात.

मी तिच्या घरी गेले, हात जोडले. ती म्हणाली, "माफी स्वयंपाकघरात मागतेस आणि मस्करी अकरा जणींसमोर करतेस, असं कसं गं?" बरोबरच होतं. त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं की मी काही न विचारता बोलले, ते माझं चुकलं. गोळ्यांचा उल्लेख केला नाही, नाहीतर सहसाभ्याख्यान धुताना रहस्याभ्याख्यान झालं असतं.

तेव्हापासून ग्रुपवर मी फक्त साधं मिच्छामि दुक्कडं लिहिते. थट्टेचा मेसेज ज्या चौघींशी माझं तसं नातं आहे त्यांनाच, प्रत्येकीला वेगळा, हाताने टाइप करून. आणि थट्टा माझ्या चुकांची. तिला चिमटा काढायचा तो माझ्या चुकीच्या आडून, एवढाच की तिलाही वाटावं, हो, ह्यात माझाही थोडा हात आहे. बी.कॉम. झालेली बाई मी, मला हिशेबच सुचतो. २७ ऑगस्टला ह्याच मैत्रिणीला पाठवलेला मेसेज तिच्या परवानगीने इथे देते.

"सखे, संवत २०८१ मधलं तुझं माझं खातं तपासलं. तुझ्याकडून आलेले डबे सात. परत गेलेले चार. उरलेले तीन माझ्या कपाटात तुझं कोरलेलं नाव भिंतीकडे करून बसले आहेत, लाजेने. तुझ्या खाखऱ्याला तोंडावर 'छान' म्हटलं आणि घरी येऊन लोणच्याबरोबर खाल्लं, कारण मीठ घालायला तू विसरली होतीस. फोनवर 'दोनच मिनिटं' म्हणून पाऊण तास घेतला, असं निदान वीस वेळा. ह्यातला निम्मा वेळ तू बोलत होतीस, पण सणाचा दिवस आहे, सगळा माझ्या नावावर लिहून घेते. आणि जे विनोदात लिहिता येत नाही, जे तुला माझ्यामुळे लागलं आणि तू बोलली नाहीस, त्यासाठी मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं. डबे उद्या आणते."

शेवटची दोन वाक्यं मी मुद्दाम साधी ठेवली. तिथे चेहरे नाहीत, चिमटा नाही. थट्टा दारापर्यंत सोडायला येते, माफी मात्र आपणच आत जाऊन मागायची असते. आणि डबे दुसऱ्या दिवशी खरंच नेऊन द्यायचे, नाहीतर आपण आणि तो मडकी फोडणारा साधू सारखेच. खाखऱ्याची ओळ लिहू की नको ह्यावर मी बराच वेळ घालवला. तिला स्वयंपाकाबद्दल बोललेलं चालतं, हे चाळीस वर्षांच्या ओळखीने माहीत आहे, म्हणून ठेवली. दुसऱ्या एका मैत्रिणीला ती ओळ मी मेले तरी लिहिली नसती, तिला सासरी ह्याच गोष्टीवरून आयुष्यभर ऐकावं लागलंय. आता सांगा, हा मेसेज फॉरवर्ड कसा करता येईल?

ज्येष्ठ बेनना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तरी पण न हसता मागितलेली जास्त बरी." मी वाद घातला नाही. त्यांचं एका बाबतीत मी मान्य करते. ज्या व्यक्तीशी खरंच अबोला आहे, तिला थट्टेचा मेसेज कधीच पाठवू नये. तिच्याकडे पायाने जावं, मग बाजारात अंबेचं पाणी आलेलं असलं तरी ओसरल्यावर जावं.

मैत्रिणीचं उत्तर पहाटे पावणेसहाला आलं. "डबे सात नाही, आठ होते. बी.कॉम. म्हणे! मीठ मी विसरले नव्हते, तुमच्या ह्यांच्या बीपीसाठी कमी घातलं होतं. सहसाभ्याख्यान पुन्हा झालं. मिच्छामि दुक्कडं, आणि आठवा शोध."

शोधला. वरच्या फळीवर मागे होता, त्यात मी कडवे वाल भरून ठेवले होते.